कुमारिकेचे पाय

“मॅडम, मला मूल होणार नाही हे नवऱ्याला कधी सांगायचं? बघायला येतील तेव्हा, साखरपुड्याला, की सप्तपदी चालू असताना चौथ्या पावलावर?”

तोंड कस्तुरीचं होतं, प्रश्न मालविका आणि लतिकाचा. शाळेच्या गच्चीवर आदल्या दिवशी या दोघी मैत्रिणींनी तिला अगदी कोंडीत पकडलं होतं. गेल्या महिन्यात कस्तुरीनं आपलं सगळं प्रकरण या दोघींना सांगून टाकलं होतं, आणि तेव्हापासून तिला असं काही हलकं हलकं वाटत होतं की ती उठता-बसता मिरवायला लागली होती, आता मला कशाचीच लाज वाटत नाही म्हणून. मालविका म्हणाली, “इतनी बहादूर हो, तो डॉक्टरनी को पूछ के दिखाओ. मम्मी के सामने.” लतिकानं वर मीठ चोळलं, की हिच्याच्यानं होणार नाही, ही तिथं जाऊन पाण्याची बाटली चघळत बसेल. झालं. कस्तुरी कुठं ऐकून घेणार.

समोर बसलेल्या अन्नपूर्णा मॅडम हसल्या नाहीत. उत्तरेकडच्या त्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. दारावर नुसतं ‘आनुवंशिकी सल्ला’ एवढंच लिहिलेलं. त्या डॉक्टर नव्हेत, औषधं देत नसत. रिपोर्टात जे आलं त्याचा अर्थ समजावून सांगायचा, पुढं कोणकोणत्या वाटा आहेत ते दाखवायचं आणि माणसाला आपलं आपण ठरवू द्यायचं, हे त्यांचं काम. मोठी माणसं मूल कसं होईल ते विचारायला त्यांच्याकडे येत आणि कस्तुरीसारखी मुलं, मोठेपणी काय होईल ते विचारायला.

शेजारच्या खुर्चीत आई, म्हणजे वीणाताई, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ते टोक आता इतकं आवळलं गेलं होतं की बोट पांढरं पडलं.

मॅडमनी आधी प्रश्नच दुरुस्त केला. मूल होणार नाही असं म्हणू नकोस, त्या हिंदीत म्हणाल्या. मुलींच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, तुझ्या पेशींत एकच आहे. शेहेचाळीसऐवजी पंचेचाळीस, यालाच टर्नर म्हणतात. त्यामुळे बीजकोश घडायचे तसे घडले नाहीत, तुझं स्वतःचं बीज मिळणं जवळजवळ अशक्य. पण गर्भाशय आहे, आणि हार्मोनच्या गोळ्यांनी ते वाढतंय. पुढं कधी तुला वाटलं तर दुसऱ्या बाईनं दिलेल्या बीजापासून गर्भ राहू शकतो. मात्र त्याआधी हृदयाची, मोठ्या धमनीची कसून तपासणी व्हायला हवी, कारण टर्नर असलेल्या बाईच्या त्या धमनीला गर्भारपणात धोका असतो. डॉक्टर नको म्हणाले तर नको. दत्तक घेता येतं. काहीच न करताही मजेत जगता येतं.

“आणि सांगायचं कधी?” कस्तुरी हटली नाही. पैज म्हणजे पैज.

“गोष्ट पक्की व्हायच्या आधी,” मॅडम म्हणाल्या. “पहिल्या चहालाच सांग असं मी म्हणत नाही. पण समोरच्याला हो किंवा नाही म्हणायची जागा असेल तेव्हा. आणि सांगायचं तू. हे तुझं आहे, कस्तुरी. तुझ्या वतीनं दुसऱ्या कुणी सांगू नये, आणि तुझ्या वतीनं दुसऱ्या कुणी लपवू पण नये.”

शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी आईकडे पाहिलं नाही. पण ते बरोबर तिथंच जाऊन पडलं.

“ते आम्ही बघू की वेळ आल्यावर,” आई घाईघाईनं म्हणाली. “अजून बारावी व्हायचीय तिची.”

बाहेर आल्या आल्या आईनं बंदुकीतून गोळी सुटावी तसं सुरू केलं. असलं अचरट बोलायचं असतं का बाहेरच्यांसमोर. आणि मग आवाज खाली आणून, जणू बाजारात भाव सांगावा तसं, तिनं जे सांगितलं ते ऐकून कस्तुरी बघतच राहिली. म्हणजे आईचं सगळं ठरलेलं होतं. आधीच. लग्न झालं, वर्ष-दोन वर्षं गेली, की तपासण्या करायच्या. आणि मग म्हणायचं, अगबाई, गर्भाशय लहान निघालं हो, आम्हाला तरी काय ठाऊक. “नंतर कळलं म्हणायचं. लोक म्हणतात तसं. कुणाच्या घरात नाही होत?”

हीच आई रोज सकाळी तिला शिकवत आली होती की खोटं बोललं की जिभेला फोड येतो. इथं तर फोडाची पेरणी आठ-दहा वर्षं आधीच झाली होती, तीही तिच्या जिभेवर.

“मला शिसारी आली,” ती म्हणाली.

“कशाची?”

“तुझ्या प्लॅनची.”

आईनं पाठ फिरवली. थायरॉईडच्या रक्ततपासणीचा कागद घेऊन ती खाली रांगेत उभी राहायला गेली आणि जाता जाता कस्तुरीला बाकावर बस म्हणून हात केला.

बाकासमोरच्या भिंतीवरचा तक्ता कस्तुरीला आता पाठ झाला होता. चौदाव्या वर्षी वर्गातल्या सगळ्या मुली दणादण उंच झाल्या आणि ही मात्र पाचवीतलीच राहिली, तेव्हा आजार सापडला. तेव्हापासून दीड वर्ष रोज वाढीचं इंजेक्शन, मग बारीक डोसाच्या हार्मोनच्या गोळ्या. चार फूट आठ इंच. तक्त्यावर एका बाजूला मुलगी होती, एक एक्स कमी असलेली. दुसऱ्या बाजूला मुलगा होता, एक्स-वायबरोबर आणखी एक एक्स घेऊन उभा, सत्तेचाळीसवाला. क्लाइनफेल्टर. खाली लिहिलं होतं की सहाशे-सातशे मुलांत एखाद्याला असतं, पुष्कळांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही, आणि यात आईबापांचा काही दोष नसतो. पेशी घडतानाच वाटणीत गडबड होते. कस्तुरीला तो मुलगा आवडायचा. तिला वाटायचं, माझा हरवलेला एक्स यानंच ढापला असणार.

मॅडमच्या खोलीचं दार उघडलं. आत गेलेला पुढचा माणूस बाहेर आला तो अनिमेष दादा.

अनिमेष म्हणजे सुमंतकाकांचा मुलगा. सुमंतकाका संकठा घाटाजवळ राहत, कस्तुरीचं घर दूधविनायकाच्या गल्लीत. दोन्ही घरांची चार पिढ्यांची ये-जा. अनिमेष बँकेत होता, सहा फूट उंच, बोलायला मवाळ, कुणी पायावर पाय दिला तर स्वतःच माफी मागणारा. तीन वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं होतं, इंदूरच्या अंतराशी.

कस्तुरीला बघून तो दचकला, मग ओशाळला, आणि मग बाकावर तिच्या शेजारी येऊन बसला. दोघं एकाच दुकानातून काहीतरी चोरताना सापडल्यासारखे.

“एकटाच?” कस्तुरीनं विचारलं. “वहिनी?”

“ती नाही येत.” त्यानं फाईल मांडीवर उलटी ठेवली. “मॅडम दर वेळी तेच म्हणतात. दोघं मिळून या, एकट्याला मी हे किती वेळा समजावू.”

कस्तुरी तक्त्याकडे बघत होती. तोही बघायला लागला.

“नीळूकाकांनी घरात सांगितलं नाही वाटतं,” तो म्हणाला. नीळूकाका म्हणजे कस्तुरीचे बाबा, नीलकंठ. “मला वाटलं तुला माहीत असेल. काकाच तर आले होते आमच्याबरोबर पहिल्यांदा. त्यांना इथली वाट ठाऊक होती ना, तुझ्यामुळे.” त्यानं बोटानं तक्त्यावरचा सत्तेचाळीसवाला दाखवला. “तुझ्याकडे एक कमी, माझ्याकडे एक जास्त.”

कस्तुरीला आधी हसूच आलं. मग तिनं हिशेब केला आणि हसू गिळलं.

एक वर्ष झालं होतं. मूल होत नाही म्हणून त्याची तपासणी झाली, त्यात पुरुषबीज एकही दिसलं नाही, मग गुणसूत्रांची तपासणी झाली. दादा सगळं खाली मान घालून सांगत होता, अगदी शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं. अजून आशा आहे, डॉक्टर म्हणाले होते. ऑपरेशन करून, सूक्ष्मदर्शकाखाली शोधून, शंभरातल्या चाळीस-पन्नास जणांचं बीज मिळतं, आणि मग प्रयोगशाळेत गर्भ तयार करता येतो. अंगात ताकद यावी म्हणून पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं त्याला खरं तर हवी होती, पण ती सुरू केली की असलंनसलं बीजही बंद होतं, म्हणून तीही थांबवून ठेवली होती. नाहीच मिळालं तर दात्याचं बीज, नाहीतर दत्तक. पण यातलं एक पाऊलही बायकोच्या लेखी संमतीशिवाय उचलता येत नव्हतं.

“आणि वहिनीला?”

“सांगितलं नाही. आईबाबा म्हणतात आत्ता नको. ती इंदूरला निघून जाईल. अनुष्ठान पूर्ण होऊ दे, मग बघू.”

“कुठलं अनुष्ठान?” कस्तुरीनं विचारलं. पण विचारता विचारताच तिला कळलं कुठलं.

बाबा याज्ञिक होते. पाठशाळेत शिकवायचे आणि मराठी घरांतली सगळी धर्मकृत्यं करायचे. गेल्या महिन्यापासून सुमंतकाकांकडे त्यांनी संतानगोपाळाचा जप धरला होता, अंतरा वहिनीला मूल व्हावं म्हणून. दर शुक्रवारी सकाळी वहिनी संकठा देवीला जाऊन यायची, कडक उपास करायची, आणि घरी येऊन कुमारिकेची पूजा करायची. आणि कुमारिका होती कस्तुरी.

सगळ्या गल्लीत कुमारिका म्हणून तिलाच मागणी. सोळा वर्षांची असली तरी दिसायला अकरा-बारा, आणि बाबांचा नियम असा की पाळी येत नाही तोवर मुलगी कुमारिका. गोळ्यांचा डोस वाढवत नेऊन डॉक्टर पाळी पुढच्या वर्षी आणणार होते. तोवर गल्लीतल्या बायका म्हणायच्या, नीळूभटजींची पोर देवीचा अंश आहे बाई, वय चिकटत नाही तिला. कस्तुरीला खीर-पुरी मिळायची, कधी कापड मिळायचं. आजपर्यंत तिला त्यात गंमत वाटत आली होती.

“दादा,” ती हळू आवाजात म्हणाली, “ती माझे पाय धुते.”

अनिमेषनं फाईल उचलली. त्याचे कान लाल झाले होते. “मला पण आवडत नाही ते,” एवढं म्हणून तो जिन्याकडे निघून गेला. सहा फुटी माणूस, पण पाठीमागून इतका लहान दिसला की कस्तुरीला त्याचा रागसुद्धा नीट करता येईना.

दुसऱ्या दिवशी शाळेत तिनं मालविका आणि लतिकाला पैज जिंकल्याचं सांगितलं, पण दादाचं काही सांगितलं नाही. जे माझं ते माझं, जे त्याचं ते त्याचं, एवढं तर मॅडमनी शिकवलं होतं. मालविकानं विचारलं, चेहरा का उतरलाय. ती म्हणाली, टिफिनमध्ये कारल्याची भाजी आहे.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता ती सुमंतकाकांच्या माजघरात पाटावर बसली होती. न यायचं काय कारण सांगणार? समोर चांदीची परात. सुरेखाकाकू, म्हणजे अनिमेषची आई, समई लावत होती. बाबा सोवळं नेसून पलीकडे आसनावर, डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलत होते. अनिमेष दादा आज लवकरच कामावर गेला होता. बरोबर आहे. तो कशाला थांबेल.

अंतरा वहिनी ओल्या केसांनी आली. उपासानं तिचं तोंड सुकलं होतं; डोळ्यांखाली काळी वर्तुळं. लग्नात ती गोल गरगरीत आणि बडबडी होती, पोह्यांवर इंदुरी जिरावन मसाला हवाच म्हणून हटून बसणारी. आता तिला काही विचारलं तरी ती आधी सासूकडे बघायची. तिनं कस्तुरीचा उजवा पाय उचलून परातीत घेतला. दूध, मग कोमट पाणी. बोटांच्या बेचक्यांतून तिचा अंगठा फिरत होता, हळुवार, तान्ह्या मुलाला न्हाऊ घालावं तसा.

“नीट धू,” काकू म्हणाली. “मागच्या खेपेला टाच कोरडी राहिली. असं अर्धवट केलं की देवी तरी काय करणार? शिक्षणानं नुसती जीभ चालते. त्या तपासणीतसुद्धा ओरडली म्हणे, नळ्यांत औषध सोडलं तर. दुखणारच की. आम्ही नाही सोसलं?”

वहिनीच्या नळ्यांची तपासणी. कस्तुरीनं ऐकलं होतं ते, सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं. ती चांगली निघाली होती. रक्ताच्या तपासण्याही चांगल्या निघाल्या होत्या. त्यावर काकूनं एका वैद्याचा काढा आणला होता, आणि तो पिऊन वहिनीला दोन महिने उलट्या होत होत्या. हे सगळं कधी? गेल्या वर्षभरात. म्हणजे दादाचा रिपोर्ट येऊन कपाटात पडल्यावर. म्हणजे या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असताना.

कस्तुरीनं बाबांकडे पाहिलं. बाबांची माळ फिरत होती. त्या बोटांना ठाऊक होतं. त्याच बोटांनी त्यांनी अनिमेषच्या रिपोर्टाची पानं उलटली होती, आणि आता तीच बोटं एकशेआठ मणी मोजत होती.

वहिनीनं पाय पुसले, हळद लावली, कुंकवाचं बोट टेकवलं. मग परातीतलं ते दुधाळ पाणी, कस्तुरीच्या पायाचं, तिनं ओंजळीत घेतलं.

“घे,” काकू म्हणाली. “सगळं घे. पोटातला दोष धुऊन निघू दे.”

मागच्या शुक्रवारीही वहिनीनं ते प्यायलं होतं. तेव्हा कस्तुरी आपल्या पुरीकडे बघत होती. आज तिनं बघितलं. गल्लीतून अनवाणी चालत आलेल्या पायांचं पाणी, त्यात दुधाची साय, तिच्याच घोट्यावरच्या धुळीचा एक करडा धागा, आणि ते ओठाशी नेणारी एक धडधाकट बाई, जिच्यात कसलाच दोष नव्हता. आणि ते पाय तरी कुणाचे? जिच्या स्वतःच्या पोटात एक बीज नाही तिचे. हे कुणाला सांगितलं तर कुणी खरं मानणार नाही, इतकं ते घाण होतं.

कस्तुरीनं पाय मागं ओढला. परात कलली, पाणी सगळं पाटाखाली पसरलं, समईपर्यंत गेलं. वहिनीच्या ओंजळीतलंही सांडलं, कारण कस्तुरीनं तिचं मनगट धरलं होतं.

“नको पिऊस,” ती म्हणाली.

काकू कपाळाला हात लावून मटकन खाली बसली. देवीनं पाय काढून घेतला, ती म्हणत होती, बघा हो, हिच्या हातचं देवीला चालत नाही. वहिनी परातीकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ती विचारत होती, “माझं काय चुकलं? कस्तू, माझं काय चुकलं, सांग ना.”

सगळं जिभेच्या टोकावर होतं. एक वाक्य. कस्तुरीनं ते दातांखाली धरून ठेवलं. ते वाक्य दादाचं होतं.

“तुझं काहीच चुकलं नाही वहिनी. खरंच, काहीच नाही,” ती म्हणाली, आणि दाराबाहेर जाऊन गटाराच्या कडेला सकाळचा चहा ओकली.

घरी येऊन तिनं तीनदा पाय धुतले. हळद निघेना. आईनं विचारलं तेव्हा तिनं फक्त एवढंच विचारलं की अनिमेष दादाचं तुलाही ठाऊक होतं का. आईनं कणीक मळायचं थांबवलं नाही. त्यातच उत्तर होतं.

बाबा अर्ध्या तासानं आले. सोवळ्यावरच उपरणं टाकून, तरातरा. दारातूनच त्यांनी सुरू केलं, की चाळीस वर्षांत त्यांच्या कर्मात असं विघ्न कधी आलं नव्हतं, सुमंतला काय तोंड दाखवायचं, आता परत संकल्प करावा लागेल. पुढच्या शुक्रवारी तू गुपचूप बसायचंस आणि आधी सुरेखाकाकूंच्या पाया पडायचंस.

“बाबा, तुम्हाला ठाऊक आहे ना, जप करून दादाचा जास्तीचा एक्स कमी होणार नाही?”

बाबा थबकले. मग त्यांनी आवाज बदलला, पाठशाळेतल्या पोरांना समजावतात तसा केला. अनुष्ठानानं माणसाला धीर येतो, कस्तू. मन शांत राहतं. देवाला अशक्य काय आहे?

“मग माझ्यासाठी का नाही केलंत?”

त्यांनी दार लोटून घेतलं.

“माझा रिपोर्ट आला तेव्हा तुम्ही एक माळ तरी ओढलीत? मला घेऊन तुम्ही सरळ तिसऱ्या मजल्यावर गेलात. दीड वर्ष स्वतःच्या हातानं रोज इंजेक्शन टोचलंत. थंड राहायला पाहिजे म्हणून फ्रिजमधलं लोणचं काढून जागा केलीत. मी तुमची मुलगी म्हणून डॉक्टर, आणि ती कुणाची तरी मुलगी म्हणून पायाचं पाणी?”

आईनं परातीवर फडकं टाकलं. बाबा भिंतीला टेकून बसले. मग जे बोलले ते इतक्या हळू, की आईलाही मान वळवावी लागली.

“सुमंतला तुझं ठाऊक आहे. त्याला वाट दाखवायला मी गेलो, तेव्हा मला सांगावंच लागलं, ती वाट मला कशी ठाऊक ते. त्यानं शब्द दिला, गल्लीत कुणाला कळणार नाही. मी पण शब्द दिला. आज मी त्याचं उघडं केलं, तर उद्या तो तुझं करील. मग तुला सून कोण करून घेणार? मी हे कुणासाठी करतोय?”

तर हे असं होतं. दोन म्हातारे कुठंतरी घाटाच्या पायऱ्यांवर बसून, पान लावत, एकमेकांच्या लेकरांची झाकपाक करायचं ठरवतात. आणि त्याची किंमत मोजते अंतरा वहिनी, ओंजळीओंजळीनं. कस्तुरीला वाटलं होतं की आपण फार तर त्या घरातल्या खोट्यात बसवलेली एक बाहुली आहोत. प्रत्यक्षात ते खोटं उभंच तिच्या नावावर होतं. तिच्या काळजीपोटी. तिला बाबांची दया आली, आणि त्या दयेचीसुद्धा किळस आली.

“म्हणजे माझं गुपित उरलं नाही, तर तुमचा शब्दही उरत नाही,” ती म्हणाली.

“काय बोलतेस तू,” आई म्हणाली.

कस्तुरीनं फोन काढला. घरी येता येता, संकठा घाटाच्या पायऱ्यांवर थांबून, तिनं अनिमेष दादाला बँकेत फोन केला होता. त्याला सकाळचं सगळं सांगितलं होतं, ओंजळीसकट. मग तो म्हणाला की त्याच्यानं होणार नाही, अंतरासमोर तोंडच उघडत नाही त्याचं. ती म्हणाली होती की दोघं मॅडमकडे जा, तिथं त्या मदत करतील, त्यांचं कामच आहे ते. त्यांची वेळ मी घेऊन देते. मंगळवारी साडेअकराची वेळ मिळाली होती. वेळ कळवणारा संदेश तिनं दादाला पाठवला होता आणि त्यावर अजून उत्तर आलं नव्हतं.

हे तिनं आईबाबांना सगळं सांगितलं. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला. कस्तुरीला वाटलं आता बाबा ओरडतील, पण ते नुसते विचारत राहिले, आणि तो नाही गेला तर? तो नाहीच गेला तर?

“तो जाईल की नाही ते त्याचं,” कस्तुरी म्हणाली. ती उभीच होती. चार फूट आठ इंच, पाय अजून हळदीनं पिवळे. “मी माझं ठरवलंय. ऐका. आजपासून मी कुणाच्या घरी कुमारिका म्हणून बसणार नाही. ना सुमंतकाकांकडे, ना नवरात्रात, ना कुठं. आणि आज संध्याकाळी मी अंतरा वहिनीकडे जाणार आहे, माझा रिपोर्ट घेऊन. दादाचं एक अक्षर बोलणार नाही. माझं मात्र सगळं सांगणार आहे, काय कमी आहे, कधी कळलं, कुठल्या इस्पितळात, कुठल्या मॅडमकडे. सुरेखाकाकूंच्या समोर सांगणार. म्हणजे सुमंतकाकांकडे माझ्याबद्दल उघडं करायला काही उरणार नाही, आणि बाबा, तुम्ही मोकळे. तुम्हाला बरोबर यायचं असेल तर पाच वाजता निघते. नसेल यायचं तर एकटी जाते.”